कॅप्चा आला? मग कामच जरा वेगळ्या पद्धतीने करू या

वाकडीतिकडी अक्षरं, त्यांच्यावरून गेलेल्या रेघा आणि खाली रिकामा चौकोन. हे ओळखा, मगच पुढे जा. मोबाइलवर सरकारी काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रसंग ओळखीचा आहे. आजीला तो शून्य आहे की इंग्रजी 'ओ' हे दिसत नाही, बाबा तीन वेळा चुकतात आणि फोन घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या हातात देतात. आणि तो मुलगा जर थोडंफार प्रोग्रॅमिंग शिकलेला असेल, तर त्याच्या मनात हमखास येतं, 'हे मशीनकडूनच भरून घेता येईल की!'

येतं. पण बहुतेक वेळा त्या वाटेला जाण्यात शहाणपणा नसतो. का, ते एका खऱ्याखुऱ्या गरजेच्या उदाहरणावरून बघू या.

आधी थोडं कॅप्चाबद्दल. हे नाव कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलं. समोर माणूस आहे की संगणकाचा प्रोग्रॅम, हे ओळखण्याची ही आपोआप होणारी परीक्षा. आपल्याला ती दोन प्रकारे भेटते. एक, जी फॉर्मवर कायमच असते, तुम्ही कोणीही असा. बहुतेक सरकारी संकेतस्थळांवर ही असते. दुसरी, जी एरवी दिसत नाही आणि संशय आला की उगवते. हा संशय दर वेळी तुमच्याच वागण्यामुळे येतो असंही नाही. आपल्याकडे मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना इंटरनेटवर एकाच पत्त्यावरून बाहेर सोडतात. त्यामुळे त्याच पत्त्यावरून दुसरं कोणी धडाधड मागण्या पाठवत असेल, तर ट्रॅफिक लाइटची चित्रं तुम्हालाही निवडावी लागतात. अशा वेळी वायफायवरून मोबाइल डेटावर किंवा उलट जाऊन बघा, व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

कायमस्वरूपी कॅप्चाला मात्र हा उपाय नाही. तिथे एक साधी सवय उपयोगी पडते. फॉर्ममधली बाकीची सगळी माहिती आधी भरा आणि कॅप्चा सगळ्यात शेवटी. प्रत्येक चित्राचं उत्तर संकेतस्थळ स्वतःकडे थोडाच वेळ आणि एकाच वापरापुरतं जपून ठेवतं. आपण चित्र बघून उत्तर लिहितो, मग केसचा नंबर शोधायला फाइल काढतो, दहा मिनिटांनी बटण दाबतो आणि बरोबर लिहिलेलं उत्तरही चूक ठरतं. 'बॅक' बटणाने मागे आलात तरी तेच. चित्राशेजारच्या गोल बाणाने नवं चित्र घ्या, ते कितीही वेळा घेता येतं. जिथे स्पीकरचं चिन्ह असेल, तिथे अक्षरं ऐकताही येतात. नजर कमी झालेल्या घरच्यांना हे आवर्जून दाखवा.

आता ते उदाहरण. माझा आतेभाऊ बडोद्याला असतो, नोकरी तिथेच, घर तिथेच. पण घराण्याच्या जमिनीच्या वाटणीचा दावा पुणे जिल्हा न्यायालयात चालू आहे. त्याच जमिनीवरून मनाईहुकमाचा आणखी एक दावा आहे आणि एका जुन्या निकालावरचं अपील. अशा तीन केसेस. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांचं हे दुखणं आहे. माणसं इंदूरला, हैदराबादला, बंगळुरूला आणि दावा मात्र गावाकडच्या कोर्टात. वकील भला असला तरी तारीख कळवायचं राहून जातं. आणि तारीख चुकली तर नुकसान खरं असतं. वादीच्या बाजूने कोणीच हजर नसेल, तर कोर्ट दावा गैरहजेरीच्या कारणाने काढून टाकू शकतं. मग तो पुन्हा चालू करून घेण्यासाठी ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा आणि गैरहजेरीचं पुरेसं कारण कोर्टाला पटवून द्यायचं.

देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांतल्या केसेसची माहिती ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. पुढची तारीख, केस कोणत्या टप्प्यावर आहे, आजवरच्या तारखा, बरेचसे आदेशसुद्धा. फक्त दर वेळी कॅप्चा भरावा लागतो. दादाने काय केलं, तर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. रोज सकाळी आणि संध्याकाळी तो तिन्ही केसेसची पानं उघडायचा, कॅप्चाचं चित्र अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला द्यायचा, आलेलं उत्तर भरायचा आणि पुढची तारीख एका तक्त्यात लिहायचा.

काही आठवडे ते चाललं. ओळखणं दहातल्या सहा वेळा बरोबर यायचं, म्हणून त्याने तीनदा प्रयत्न करायची सोय ठेवली. नंतर कधीतरी ओळखणं सतत चुकायला लागलं. आता खरी गंमत बघा. कॅप्चा चुकला की संकेतस्थळ तसा निरोप देतं आणि केसचं पान उघडत नाही. प्रोग्रॅमला पानावर तारीख सापडली नाही की तो तक्त्यातली जुनी तारीख तशीच ठेवायचा. त्यामुळे कुठेही लाल अक्षरात चूक दिसली नाही. तक्ता रोज उघडत होता, व्यवस्थित दिसत होता आणि शिळा होता. ९ जुलैची तारीख होऊन गेली तरी तक्ता ९ जुलैच दाखवत राहिला. दादाला वाटलं, कोर्टाने अजून नवी तारीख चढवली नसेल. मग २२ तारखेला दुपारी वकिलांचा फोन आला, "उद्या साक्ष आहे तुमची, निघालात ना?" त्या रात्री मिळेल त्या गाडीने तो पुण्याला पोचला. साक्ष झाली, निभावलं.

दोन दिवसांनी त्याचा मला फोन. "अगं, यापेक्षा चांगलं ओळखणारं काही मिळेल का? पैसे घेऊन कॅप्चा सोडवून देणाऱ्या सेवाही असतात म्हणे."

असतात. बऱ्याच ठिकाणी त्यांच्या पलीकडे अगदी कमी पैशांवर दिवसभर अक्षरं टाइप करत बसलेली माणसं असतात. पण मी त्याला वेगळंच विचारलं, "दादा, तुला नक्की काय कळायला हवंय आणि कधी?"

हा प्रश्न भाबडा वाटेल, पण सगळं त्याच्यातच आहे. त्याला ते पान नको होतं. त्याला फक्त 'पुढची तारीख कोणती' एवढं हवं होतं. आणि पुढची तारीख रोज बदलत नाही. ती बदलते सुनावणीच्या दिवशी. मधल्या काळात ती क्वचितच हलते, न्यायाधीश रजेवर असले किंवा कोणी लवकरच्या तारखेचा अर्ज केला तर. आता हिशेब करा. तीन केसेस, दिवसातून दोनदा, म्हणजे महिन्याला १८० वेळा तो संकेतस्थळाचं दार वाजवत होता. त्याच्या केसेसची तारीख साधारण दीड महिन्याने पडते. म्हणजे तिन्ही मिळून महिन्याला दोन सुनावण्या. प्रत्येक सुनावणीनंतर एकदा आणि तोवर माहिती चढली नसेल तर दुसऱ्यांदा बघितलं, तरी चार वेळा. महिन्याला चार कॅप्चा हाताने भरायला पाच मिनिटं लागत नाहीत. १८० कॅप्चांसाठी मशीन हवं होतं, चारांसाठी नको.

म्हणजे इथे कॅप्चा हा अडथळा नव्हताच. रोज दोनदा विचारायचं हे आपणच ठरवलं होतं, तिथे गाडी अडली होती.

पण चारसुद्धा कमी करता येतात, कारण हीच माहिती द्यायला यंत्रणेने स्वतःहून दुसरी दारं उघडी ठेवली आहेत. त्यांची किल्ली म्हणजे सीएनआर नंबर. प्रत्येक केसला एकच, देशभरात दुसऱ्या कोणाचा नाही असा, १६ अक्षर-अंकांचा नंबर असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन अंक त्या न्यायालयाचे, सहा अंक क्रमांकाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. पुणे जिल्ह्यातल्या केसचा नंबर MHPU ने सुरू होतो. हा नंबर माहीत असला की साध्या एसएमएसने केसची स्थिती विचारता येते. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, कॅप्चा नाही. खालचा मजकूर 9766899899 या नंबरावर पाठवायचा. यातला सीएनआर नमुन्यापुरता आहे, तिथे तुमचा घाला.

```
ECOURTS MHPU010000002019
```

मधे एकच जागा सोडायची, नंबरात जागा किंवा आडवी रेघ नाही. उत्तर आलं नाही तर आधी १६ अक्षरं मोजा. बहुतेक वेळा शून्याच्या जागी 'ओ' पडलेला असतो, म्हणजे कॅप्चातली जुनी डोकेदुखी इथेही आहेच.

दुसरं दार म्हणजे eCourts Services हे मोफत ॲप. त्यात सीएनआर घालून केस शोधायची आणि 'My Cases' मध्ये साठवून ठेवायची. मग ती यादी ताजी करायचं बटण दाबलं की साठवलेल्या सगळ्या केसेसच्या नव्या तारखा एकदम येतात. जिल्हा न्यायालयं आणि उच्च न्यायालयं ॲपमध्ये वेगवेगळी निवडावी लागतात, हे लक्षात ठेवा. अपील उच्च न्यायालयात असेल आणि तुम्ही ते जिल्ह्याच्या भागात शोधत बसलात, तर ते सापडणार नाही.

तिसरं दार मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात आपण विचारतच नाही. कोर्टाच्या नोंदीत पक्षकाराचा मोबाइल नंबर असेल, तर तारीख पडल्यावर यंत्रणेकडून एसएमएस येतो. जुन्या दाव्यांमध्ये हा नंबर बहुधा नसतो किंवा वारलेल्या काकांचा असतो. वकिलांना सांगून तो चढवून किंवा बदलून घ्यायचा. एवढं एक काम झालं की पुढचं विचारणं जवळपास संपतं.

सीएनआर माहीत नसेल तर? इथे मात्र कॅप्चा चुकवू नका, सरळ भरा. एका रविवारी बसायचं, संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, न्यायालय निवडायचं आणि केसचा प्रकार, नंबर आणि वर्ष घालून केस काढायची. नंबरही नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, पण नाव इंग्रजीत लिहावं लागतं आणि कोर्टातल्या कारकुनाने त्याचं स्पेलिंग कसं केलं असेल याचा अंदाज बांधावा लागतो. 'क्षीरसागर' किती तऱ्हांनी लिहिता येतं, करून बघा! म्हणून पूर्ण नाव न लिहिता पहिली तीन-चार अक्षरं घालून यादी मागवावी आणि त्यातून आपली केस ओळखावी. दादाच्या तीन केसेसना सात-आठ कॅप्चा लागले, वीस मिनिटं गेली. सीएनआर मिळाला की तो एका कागदावर लिहून फाइलच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनमध्येही ठेवा.

आता दादाची पद्धत अशी आहे. प्रत्येक सुनावणीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये. तिच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गजर वाजतो, 'पुढची तारीख विचार.' त्याच दिवशी न विचारण्याचं कारण असं की कोर्टाचं कामकाज संपल्यावर कर्मचारी नोंदी चढवतात, त्याला वेळ लागू शकतो. तो एसएमएस पाठवतो, आलेली तारीख कॅलेंडरमध्ये घालतो. तारीख जुनीच आली तर आणखी दोन दिवसांनी पुन्हा विचारतो आणि तरीही जुनीच असेल तर वकिलांना फोन. अधूनमधून तारीख हलते म्हणून सुनावणीच्या आठवडाभर आधी एकदा ॲप उघडून बघतो. यात प्रोग्रॅमपेक्षा एक गोष्ट चांगली आहे. माहिती मिळाली नाही तर ती मिळाली नाही हे त्याला कळतं. जुनी तारीख नव्याचा आव आणून समोर बसत नाही.

कोणतंही आपोआप चालणारं काम लावताना मी हीच कसोटी लावते. अडलं तर ते ओरडेल का, की गप्प बसेल? स्वतःच्या धंद्यासाठी, छंदासाठी तुम्हीही असं काही लिहीत असाल, तर माहितीशेजारी ती कधी मिळाली ती वेळ लिहून ठेवा आणि कॅप्चा दिसला की प्रोग्रॅम तिथेच थांबून तुम्हाला निरोप पाठवेल असं करा. पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला लावलं की चुकीच्या उत्तरांची रांग लागते, संशय वाढतो आणि मग तुमच्या घरच्या वायफायवरून ते संकेतस्थळ हातानेसुद्धा उघडेनासं होऊ शकतं.

ही दुसरी दारं फक्त कोर्टालाच आहेत असं नाही. रेल्वेच्या चौकशीच्या संकेतस्थळावर पीएनआरची स्थिती बघताना बेरीज-वजाबाकीचा कॅप्चा येतो, पण PNR लिहून एक जागा सोडून दहा अंकी नंबर 139 वर पाठवला की स्थिती एसएमएसने कळते. आई-बाबांच्या भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक बघायला लॉगिन आणि कॅप्चा लागतो. कंपनीने या महिन्याचे पैसे भरले का, एवढंच बघायचं असेल, तर नोंदवलेल्या मोबाइलवरून 7738299899 ला हा मजकूर पाठवा.

```
EPFOHO UAN MAR
```

शेवटची तीन अक्षरं मराठीसाठी आहेत, उत्तर मराठीत येतं. मात्र यूएएन चालू केलेला आणि मोबाइल त्याला जोडलेला हवा.

एका धोक्याबद्दल सांगायलाच हवं, कारण त्यात घरातली मोठी माणसं जास्त फसतात. खरा कॅप्चा अक्षरं टाइप करायला, चित्रं निवडायला, बेरीज करायला किंवा एका चौकोनात खूण करायला सांगतो. 'रोबोट नसाल तर Allow दाबा' असं सांगणारं पान तुमच्याकडून नोटिफिकेशनची परवानगी काढून घेत असतं आणि मग फोनवर दिवसभर फसव्या जाहिराती येत राहतात. तशी परवानगी गेलीच असेल, तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ते संकेतस्थळ काढून टाका. लॅपटॉपवर याहून वाईट प्रकार आहे. कॅप्चाच्या नावाखाली विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग पेस्ट करा, मग एंटर दाबा, असं सांगतात. तसं केलं तर संगणकावर त्यांचा प्रोग्रॅम तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. ओटीपी, ॲप डाउनलोड किंवा पैसे मागणारा कॅप्चा नसतो. असं काही दिसलं की पान बंद करायचं.

ई-कोर्ट्सच्या मर्यादाही माहीत असू द्या. एसएमएसने केसची स्थिती कळते, त्या दिवशी कोर्टात काय झालं ते कळत नाही, त्यासाठी ॲपवर किंवा संकेतस्थळावर आदेश वाचावा लागतो. तो आदेशही माहितीपुरताच. बँकेत, नोंदणी कार्यालयात किंवा वरच्या कोर्टात द्यायला प्रमाणित नक्कलच लागते आणि तिच्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागतो. आणि सातबाऱ्यावरच्या फेरफाराचा वाद तहसीलदार किंवा प्रांत अधिकाऱ्यांसमोर चालू असेल, तर तो महसुली मामला आहे. तो ई-कोर्ट्सवर सापडणार नाही, त्याला सीएनआर नसतो. जमिनीचे वाद बघताना घरच्यांना आधी हे विचारा, की कागदावर वर 'दिवाणी न्यायाधीश' लिहिलंय की 'तहसीलदार'.